लघवीची गोळी आणि नोकरी : शाळा, गाडी, लोकल... वेळ कशी बसवायची?

रानजाई

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वय ४३. लहानपणी सांधेज्वर झाला होता, त्यात हृदयाची एक झडप अरुंद होऊन बसली. गेल्या महिन्यात पाय सुजायला लागले, जिना चढताना धाप लागायला लागली, तेव्हा डॉक्टरांनी लघवीची गोळी सुरू केली. टॉरसेमाइड १० आणि त्यातच स्पायरोनोलॅक्टोन, अशी एकत्र गोळी आहे. चिठ्ठीवर लिहिलंय, सकाळी नाश्त्यानंतर एक.

गोळीचा गुण आला, सूज उतरली. पण माझी सकाळ अशी आहे : ८ वाजता गोळी, सव्वानऊला स्कूटीवरून निघायचं, साडेदहाला परिपाठ, ५ ला शाळा सुटते, पावणेसहाला घरी. पावणेनऊपासून जे सुरू होतं ते दुपारी १ पर्यंत. वाटेत एका पेट्रोल पंपावर थांबावंच लागतं. शाळा द्विशिक्षकी. दुसऱ्या बाई प्रशिक्षणाला गेल्या की पहिली ते चौथी सगळी माझ्याकडे, आणि पोरांना 'पाढे म्हणा' सांगून किती वेळा बाहेर जाणार? स्वच्छतागृह मुलींचं तेच माझं, पाण्याची बादली हापशावरून न्यावी लागते. हल्ली मी सकाळी पाणीच पीत नाही. दीडनंतर मात्र अजिबात त्रास नसतो.

शनिवारी सकाळची शाळा, म्हणजे पावणेसातला घर सोडायचं. त्या दिवशी तर काही सुचतच नाही.

गोळीची वेळ बदलता येते का? संध्याकाळी घेतली तर रात्रभर उठावं लागेल का? डॉक्टरांची पुढची तारीख तीन आठवड्यांनी आहे. फोनवर विचारता येईल, पण नेमकं काय विचारू ते कळत नाहीये. जाणकारांनी सांगावं.

---

नियमाप्रमाणे

ताई, लघवीची गोळी सकाळीच घ्यायची असते. दुपारी १२ नंतर घेऊच नये, किडनीवर ताण येतो. माझे वडील १५ वर्षं घेत होते, रोज सकाळी ७ ला. एक दिवसही वेळ चुकवली नाही.

---

कसारा_फास्ट

धागा अगदी वेळेवर आला. मी आसनगावहून रोज सीएसएमटी. ७:१० ची पकडतो, घरापासून ऑफिसच्या खुर्चीपर्यंत अडीच तास. लोकलला संडास नसतो हे नव्याने सांगायला नको. बीपीसाठी मला टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ अशी गोळी सुरू होऊन दहा दिवस झाले. पहिल्या आठवड्यात कल्याणला उतरून, जाऊन येऊन पुढची गाडी पकडावी लागली. आता थोडं बरं आहे. ही पण लघवीचीच गोळी ना? की माझा प्रश्न इथे चुकीचा आहे?

---

गोदातीर

पुनर्नवा आणि गोखरूचा काढा घ्या. इंग्रजी गोळ्यांची गरजच पडणार नाही. सोबत जवाचं पाणी.

---

डॉ_चिंचबन

मी फिजिशियन आहे, तालुक्याच्या गावात. रानजाई, तुम्हाला मी तपासलेलं नाही, त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा. पण तुमच्या वर्णनात अर्धं उत्तर आहेच : पावणेनऊला सुरू, १ ला संपतं.

टॉरसेमाइड काय किंवा फ्युरोसेमाइड काय, या घाईच्या गोळ्या. पोटात गेल्यावर तासाभरात काम सुरू होतं, पहिल्या दोन तासांत जोर सगळ्यात जास्त, आणि सहा ते आठ तासांत खेळ संपतो. त्यातला खरा त्रासाचा काळ पहिल्या चार-पाच तासांचाच. तुम्हाला हा काळ नेमका सापडला आहे आणि तो नेमका शाळेच्या वेळेवर बसला आहे. म्हणजे गोळी बदलायची नाही, तो चार-पाच तासांचा तुकडा दिवसात दुसरीकडे सरकवायचा आहे.

शाळा ५ ला सुटते, पावणेसहापर्यंत तुम्ही घरी. म्हणजे तुमच्यासाठी सोयीची जागा संध्याकाळी साडेपाच-सहाची. ६ ला घेतली तर १० पर्यंत मोठा लोंढा होऊन जातो. ११ ला झोपत असाल तर रात्री बहुधा एकदा उठावं लागेल, क्वचित दोनदा. घरी पोचायला उशीर होत असेल तर मात्र ८ ला घेऊ नका, मग झोपेचं खोबरं होणार.

नियमाप्रमाणे, 'सकाळीच' हा नियम झोपेसाठी आहे, किडनीसाठी नाही. किडनीला घड्याळ कळत नाही. ज्यांना दिवसातून दोनदा गोळी असते त्यांची दुसरी आम्ही दुपारी २ ते ४ च्या सुमाराला देतो, ती याच हिशोबाने.

गोदातीर, अरुंद झडपेच्या पेशंटला काढ्यावर ठेवणं म्हणजे फुप्फुसात पाणी साठायची वाट बघणं. शिवाय त्यांच्या गोळीत स्पायरोनोलॅक्टोन आहे, ते पोटॅशियम धरून ठेवतं. काढ्यात काय आणि किती आहे याचा हिशोब कोणी ठेवत नाही. तो विषय इथे नको.

---

गोदातीर

तुम्ही लोक ऐकूनच घेत नाही. असो.

---

दुकानदार_औषधांचा

केमिस्ट आहे, २२ वर्षं काउंटरवर. ताईंना एक सुचवतो. गोळीचे दोन तुकडे करून अर्धा सकाळी, अर्धा संध्याकाळी घेतला तर जोर विभागला जाईल. बरीच गिऱ्हाईकं असं करतात.

आणि सगळ्यांसाठी : पाकिटावरचं मोठं नाव वाचू नका, त्याखालची बारीक अक्षरं वाचा. बीपीच्या गोळीच्या नावापुढे नुसतं एच असेल तर आत बहुतेक हायड्रोक्लोरोथायझाइड असतं, सीटी असेल तर क्लोरथॅलिडोन. पेशंट म्हणतो 'मला लघवीची गोळी नाहीच', आणि ती बीपीच्या गोळीतच बसलेली असते.

---

डॉ_चिंचबन

बारीक अक्षरांचा मुद्दा लाखमोलाचा. तुकड्यांचा मात्र पटला नाही, आणि का ते सांगतो, कारण हे पुष्कळ जण करतात.

या घाईच्या गोळ्यांना एक उंबरठा असतो. औषध मूत्रपिंडात एका ठरावीक पातळीच्या वर गेलं तरच ते काम करतं, त्याखाली जवळजवळ काहीच नाही. १० ने तुमचं काम होत असेल तर ५ ने अर्धं काम होईल असं नाही, कदाचित काहीच होणार नाही. अर्धा तुकडा सकाळी फुकट, अर्धा संध्याकाळी फुकट, आणि पेशंटला वाटतं 'बघा, आता लघवीचा त्रासच नाही'. त्रास नाही कारण गोळी लागूच पडली नाही. आठवडाभरात सूज परत येते. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय या गोळीचे तुकडे नकोत.

कसारा_फास्ट, तुमचा प्रश्न चुकीचा नाही, पण तुमची गोळी वेगळ्या स्वभावाची आहे. हायड्रोक्लोरोथायझाइड दोन तासांनी कामाला लागतं, चार तासांच्या आसपास जोर, आणि बारा तासांपर्यंत हळूहळू ओसरतं. लोंढा नाही, झिरप. त्यातही १२.५ हा लहान डोस. सुरुवातीचे आठ-पंधरा दिवस लघवी वाढल्यासारखी वाटते, मग शरीर जमवून घेतं. बीपी कमी राहतं पण लघवी पूर्वीसारखी होते. तुम्ही लिहिलंय 'आता थोडं बरं आहे', ते हेच.

तरीही गाडीत अडचण होत असेल तर गोळी घरी घेऊच नका. डबीत ठेवा, ऑफिसला पोचल्यावर साडेनऊला घ्या. संडास दहा पावलांवर आणि परतीच्या गाडीला आठ तास.

---

कसारा_फास्ट

हे तर डोक्यातच आलं नव्हतं! बीपीची गोळी म्हणजे घरातून घेऊनच निघायची असं डोक्यात बसलंय. पण वेळ अडीच तास पुढे गेली तर सकाळी बीपी वाढणार नाही का?

---

डॉ_चिंचबन

नाही. तुमच्या गोळीतलं टेल्मिसार्टन दिवसभराहून जास्त टिकतं. बीपीची गोळी सकाळी की रात्री यावर ब्रिटनमध्ये मोठा अभ्यास झाला, 'टाइम' नावाचा, २०२२ साली प्रसिद्ध झाला. २१ हजारांहून जास्त माणसं, निम्म्यांना सकाळी गोळी, निम्म्यांना संध्याकाळी. हार्ट अटॅक, स्ट्रोक यात फरक पडला नाही. तेव्हा रोज साधारण एका वेळी घ्या, आणि ती वेळ तुमच्या सोयीची ठेवा. रविवारी मात्र घरी म्हणून दुपारी २ ला, असं नको, विसरणं तिथेच सुरू होतं.

---

एसटीडीबूथ

माझी शुगरची गोळी डापाग्लिफ्लोझिन आहे. तीही लघवीची गोळी आहे ना? मी तिला रात्री घेतो म्हणजे दिवसा ऑफिसात त्रास नाही. चालतं का?

---

दुकानदार_औषधांचा

ती साखर लघवीतून बाहेर काढते, सोबत पाणी ओढून नेते. तिची वेळ बदलून फारसं हाती लागत नाही, २४ तास काम करते. रात्री उठावं लागत नसेल तर तुमचं चाललंय ते चालू द्या. उठावं लागत असेल तर सकाळी घेऊन बघा. लोक तिला लघवीची गोळी म्हणतात, पण रानजाई ताईंच्या गोळीची ती बहीण नाही, लांबची नातेवाईक.

तुकड्यांबद्दल डॉक्टरांचं मान्य. उंबरठ्याचं माहीत नव्हतं. गिऱ्हाइकांना यापुढे सांगेन.

---

घाटवाट

माझ्या बाबांबद्दल विचारायचं आहे. वय ५४. कोल्हापूर–मुंबई रात्रीची ट्रॅव्हल्स चालवतात. संध्याकाळी ९ ला गाडी लागते, पहाटे ५ च्या पुढे मुंबई. वाटेत हॉटेलवर एकच मोठा थांबा. बरेच महिने बीपीची गोळी आहे, आणि वरची बारीक अक्षरं आत्ता जाऊन वाचली : टेल्मिसार्टन ४० आणि क्लोरथॅलिडोन १२.५. ते ड्युटीच्या दिवशी गोळी घेतच नाहीत. म्हणतात, एक्सप्रेसवेवर कुठे थांबवू, मागे चाळीस पॅसेंजर झोपलेत. सुट्टीच्या दिवशीच घेतात, म्हणजे आठवड्यात तीनदा.

गंमत म्हणजे गोळी न घेताही त्यांना रात्री गाडी तीन-चारदा थांबवावी लागते. क्लीनर वैतागलाय. रात्री पाणी पिणं त्यांनी बंद केलंय, नुसता चहा. रानजाई ताईंसारखीच त्यांनाही संध्याकाळची वेळ लावून द्यावी का?

---

नियमाप्रमाणे

ड्रायव्हरने बीपीची गोळी बंद ठेवून गाडी चालवायची म्हणजे कमाल आहे. पॅसेंजरच्या जिवाशी खेळ.

---

घाटवाट

म्हणूनच विचारतेय काका. ओरडून झालंय घरात.

---

डॉ_चिंचबन

घाटवाट, रानजाईंचा उपाय बाबांना लागू नाही. आणि तुमच्या पोस्टमधली 'गंमत' हीच मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

क्लोरथॅलिडोन फार संथ गोळी आहे. एका गोळीचा असर दोन-तीन दिवस रेंगाळतो. त्यामुळे 'ड्युटीच्या दिवशी घेतली नाही' याला लघवीच्या दृष्टीने काही अर्थच नाही, कालची अंगात आहेच. वेळ सकाळची केली, रात्रीची केली, तरी लघवीत फारसा फरक पडायचा नाही. आणि १२.५ च्या डोसला, गोळी महिनोन्महिने चालू असताना, रात्रीत चार वेळा गाडी थांबवावी लागणं हे त्या गोळीचं काम वाटत नाही. सोबतीला टेल्मिसार्टनही बुडतंय, म्हणजे बीपी मोकाट. गोळी सोडून गैरसोय कमी झाली नाहीच, नुकसान मात्र झालं.

मग लघवी कशाने? ५४ वर्षांचा माणूस, रात्री वारंवार. माझ्या मनात पहिली शुगर, दुसरा प्रोस्टेट. दोन्ही शोधायला सोपं. एक करा : तीन दिवस त्यांना वहीत लिहायला सांगा, किती वाजता गेले आणि साधारण किती झाली. मोजायला घरातलं एखादं जुनं प्लास्टिकचं माप चालेल. गाडीवर निदान वेळ आणि 'भरपूर' की 'थोडी' एवढं. दरवेळी भरपूर होत असेल तर शुगरकडे बोट. दरवेळी थोडीथोडी, धार बारीक, सुरू व्हायला वेळ, झाल्यावरही राहिल्यासारखं, तर प्रोस्टेट. वही होईपर्यंत थांबू नका, उपाशीपोटीची शुगर उद्याच तपासा.

आणि पाणी बंद करून चहावर राहणं सोडायला सांगा. चार तास सीटवर बसून थांब्यावर झटकन खाली उतरताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर ते लक्षण ड्रायव्हरसाठी वाईट. विचारा त्यांना, स्वतःहून सांगणार नाहीत.

---

मिश्किल_मावशी

शहाळ्याचं पाणी द्या बाबांना, गोळीने निघून गेलेले क्षार भरून येतात. माझ्या मिस्टरांना रोज देते.

---

दुकानदार_औषधांचा

मावशी, थांबा. मिस्टरांची गोळी कोणती त्यावर आहे ते. नुसत्या क्लोरथॅलिडोन, फ्युरोसेमाइडने पोटॅशियम घटतं. पण टेल्मिसार्टन आणि स्पायरोनोलॅक्टोन ते वाढवतात. रानजाई ताईंनी रोज शहाळं घेतलं तर उलटं होईल. तसंच ते 'कमी सोडियमचं' मीठ, त्यात काही सोडियमऐवजी पोटॅशियम असतं. बीपी म्हणून लोक हौसेने नेतात.

---

मिश्किल_मावशी

बाई गं. पाकीट शोधते.

---

चाफेकळी

मीही शिक्षिका, निवृत्त. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला काय काय हवं त्याची यादी आहे : मुलांसाठी आणि मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी, स्वयंपाकघर, कुंपण. शिक्षकांसाठी स्वच्छतागृह? त्याचा उल्लेखच नाही. आम्ही सगळ्या जणी ३० वर्षं सकाळी अर्धा कप चहावर शाळा करत आलो आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग हा स्टाफरूमचा आजार होता. रानजाई, तुम्ही सकाळी पाणीच पीत नाही म्हणता, ते गोळीपेक्षा मला जास्त खटकलं.

---

डॉ_चिंचबन

चाफेकळींना माझं अनुमोदन. गोळी पाणी बाहेर काढणार, तुम्ही पाणी आत येऊ देणार नाही, तर रक्त घट्ट होतं, उभं राहताना गरगरतं, क्रिएटिनिन चढतं. अशा वेळी पाठदुखीला म्हणून डायक्लोफेनॅकसारखी गोळी घेतली तर मूत्रपिंडावर आणखी आघात. आणि पाणी न प्यायल्याने लघवी थांबत नाहीच. ही गोळी शरीरात साठलेलं मीठ बाहेर काढते आणि मिठामागे पाणी जातं. तुम्ही ग्लासभर कमी प्यायलात म्हणून १० ची टॉरसेमाइड गप्प बसत नाही.

उलट बाजूही सांगतो. झडपेच्या पेशंटला डॉक्टरांनी दिवसाचं पाणी मोजून दिलेलं असू शकतं. तेवढंच प्या, पण दिवसभर वाटून प्या.

आता फोनवर काय विचारायचं ते. तीन प्रश्न : गोळी सकाळऐवजी संध्याकाळी साडेपाच-सहाला घेतली तर चालेल का? नाश्त्यानंतरच हवी का? आणि सध्याचं बीपी, पोटॅशियम, क्रिएटिनिन बघून यात काही अडचण आहे का? रक्त तपासून महिना झाला असेल तर ते स्वतःच पुन्हा तपासायला सांगतील.

हो म्हणाले तर एकदम सकाळी ८ वरून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ६ वर उडी नको, मध्ये ३४ तासांची फट पडते. आणि फट भरायला एका दिवसात दोन गोळ्या तर मुळीच नकोत. तुमची शनिवारची सकाळची शाळा इथे कामी येते. शुक्रवारी नेहमीसारखी ८ ला. शनिवारी शाळेतून घरी आल्यावर दुपारी साडेबाराला. रविवारी घरीच आहात, ५ ला. सोमवारपासून शाळेतून आल्यावर. पुढच्या शनिवारीही संध्याकाळीच, म्हणजे तुमचा पावणेसातचा प्रश्न आपोआप सुटला.

---

रानजाई

डॉक्टर, फार बरं वाटलं. तीनही प्रश्न लिहून घेतले. एक शंका : कोणी सांगितलं की ड्युटी नसलेल्या दिवशी दोन घेतल्या तर भरून निघतं. ते नकोच ना?

---

डॉ_चिंचबन

नकोच.

---

सह्याद्री_७२

माझी आई ७४ वर्षांची, नोकरी नाही तरी प्रश्न विचारतो. ती फ्युरोसेमाइड सकाळी घेते आणि रात्री चारदा उठते. गोळी सकाळची असून रात्री का? तिला तर संध्याकाळी द्यायची सोयच नाही मग.

---

डॉ_चिंचबन

उलट, तिलाच कदाचित उपयोग होईल. दिवसभर खुर्चीत बसून पाणी पायांत उतरतं. रात्री आडवी झाली की तेच पाणी रक्तात परत येतं आणि मूत्रपिंड ते रात्री काढत बसतं. सकाळची गोळी तोवर केव्हाच संपलेली असते. अशा पेशंटना मी गोळी दुपारी ४ च्या सुमाराला देऊन बघतो, झोपायच्या सहा तास आधी, आणि दुपारी तासभर पाय उंच करून पडायला सांगतो. सगळ्यांना लागू पडतं असं नाही. अंधारात उठून पडायची भीती असते, म्हणून वेळ बदलायच्या आठवड्यात संडासाच्या वाटेवर दिवा आणि घरात कोणीतरी हवं. बीपीसाठी ॲम्लोडिपिन चालू आहे का तेही बघा. त्याची घोट्यांची सूज लघवीच्या गोळीने उतरत नाही, आणि लोक तिच्यासाठीच लघवीची गोळी वाढवत नेतात.

---

सह्याद्री_७२

ॲम्लोडिपिन १० आहे! तीच सूज असेल का?

---

डॉ_चिंचबन

असू शकते, नसूही शकते. इथून सांगता येणार नाही. डॉक्टरांना दोन्ही पाकिटं एकत्र दाखवा.

---

रानजाई

(दोन आठवड्यांनी)

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले चालेल, पण आधी पोटॅशियम आणि क्रिएटिनिन करा. केलं, ठीक आलं. मग चिंचबन डॉक्टरांनी सांगितलं तसं शनिवारी दुपारी, रविवारी ५ ला, आणि सोमवारपासून शाळेतून आल्यावर पावणेसहाला.

शाळेत आता मधल्या सुट्टीत एकदा जाते, बस्स. सकाळी दोन पेले पाणी पिते. साडेसहा ते साडेनऊ मात्र घरात मी आणि संडास. स्वयंपाक त्या वेळेत उरकणं अवघड जातं, पोळ्या करताना तवा बंद करून जावं लागतं. रात्री एकदा उठते, ३ च्या सुमाराला. बुधवारी केंद्रसंमेलन लांबलं, ७ ला घरी आले, तेव्हा घेतली आणि त्या रात्री तीनदा उठले. असा उशीर झाला तर काय करावं?

दुसरं, वजन. रोज सकाळी लघवी करून, खाण्याआधी वजन करते. वेळ बदलल्यापासून काटा ६०० ग्रॅमने खाली आहे. डोस जास्त होतोय का?

---

डॉ_चिंचबन

वजनाचं उत्तर सोपं आहे. आधी तुम्ही वजन करायचात तेव्हा आदल्या गोळीला २४ तास झालेले असायचे, अंगात दिवसभराचं पाणी परत भरलेलं. आता गोळी होऊन बारा तासच झालेले असतात. म्हणून काटा खाली, तुम्ही कोरड्या पडलात असं नाही. हे नवं वजन आता तुमचं मूळ वजन धरा. यापुढे तीन दिवसांत २ किलोच्या वर चढलं, किंवा आडवं झाल्यावर धाप लागली, तर तारखेची वाट न बघता फोन. उलट रोज घसरतच गेलं, उभं राहताना गरगरलं, तरीही फोन. आणि उलट्या-जुलाब लागले तर गोळी त्या दिवशी घ्यायची की नाही हे आधी विचारा, मग घ्या.

उशिराच्या दिवसाबद्दल : ७ पर्यंत घ्यायला हरकत नाही, एक रात्र खराब जाईल. त्याहून उशीर होणार हे आधीच माहीत असेल, म्हणजे संमेलन, सहल, निवडणुकीची ड्युटी, तर त्या दिवसांपुरती सकाळी ६ ला घेता येईल का हे डॉक्टरांना विचारून ठेवा. सकाळी उपाशीपोटी घेतली की असर लवकर सुरू होऊन लवकर आटोपतो, निघेपर्यंत बराच भाग होऊन गेलेला असतो. फक्त आदल्या संध्याकाळची घेऊन बारा तासांत दुसरी असं होतं त्यात, म्हणून विचारल्याशिवाय नाही.

---

चाफेकळी

निवडणूक ड्युटी! आदल्या दिवशी साहित्य घ्यायला सकाळी ८ ला हजर, रात्री मुक्काम मतदान केंद्रावर, पहाटे मॉक पोल, आणि पेट्या जमा होईपर्यंत मध्यरात्र. त्यात कुठली गोळी कुठे बसवणार? वैद्यकीय कारणाचा अर्ज आधीच द्या, आणि झडपेचा इको रिपोर्ट जोडा. नुसत्या 'लघवीची गोळी चालू आहे' यावर कोणी सोडत नाही, हसतात.

---

नियमाप्रमाणे

सकाळी ६ ला म्हणालात ना शेवटी डॉक्टर? मी हेच तर सांगत होतो.

---

कसारा_फास्ट

:) :) माझं अपडेट : ऑफिसमध्ये साडेनऊला घेतो. कल्याणला उतरणं बंद. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं काय घेता रोज, तर कळलं त्यांच्याही पर्समध्ये तशीच डबी आहे.

---

घाटवाट

बाबांची उपाशीपोटीची शुगर २६२ निघाली. जेवणानंतरची साडेतीनशेच्या वर. वहीत त्यांनी तीन दिवस लिहिलं, सगळीकडे 'भरपूर, भरपूर'. अंधारीचं विचारलं तर आधी नाही म्हणाले, मग क्लीनरने सांगितलं की खेड शिवापूरला दोनदा दार धरून उभे राहिले होते. शुगरच्या गोळ्या सुरू झाल्यात, बीपीची रोजची रोज सुरू केलीय. ते दिवसा झोपून दुपारी २ ला उठतात, तेव्हाच घेतात. आठ दिवस गाडीवर जायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय आणि घरात त्यावरून रोज भांडण चालू आहे, कारण गाडी नाही तर पगार नाही.

आता प्रश्न असा : डॉक्टर म्हणाले सोडियमही तपासून घ्या, क्लोरथॅलिडोनने कमी होतं म्हणून. रिपोर्ट सोमवारी येणार. कमी आलं तर गोळी बदलतात का? आणि बदलली तर पुन्हा पहिल्यापासून पंधरा दिवस लघवीचा त्रास?

---

डॉ_चिंचबन

कमी आलं तर बहुधा लघवीचं औषध काढून दुसऱ्या गटातली बीपीची गोळी देतील. मग हा त्रास नाही. शुगर आटोक्यात येईल तशी लघवीही कमी होईल, दोन आठवड्यांत फरक दिसावा. रिपोर्ट आला की आकडा लिहा.